अनौपचारिक गट, एकसंधता आणि उत्पादन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संघटनात्मक वर्तनाच्या पेपरमध्ये या विषयावर प्रश्न हमखास येतो. बहुतेक उत्तरांत "एकसंध गट जास्त उत्पादन देतो" एवढंच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत फिरवलेलं दिसतं. ते वाक्य अर्धंच खरं आहे. खालची उत्तरं मुख्यतः एकाच कारखान्यातल्या एका खोलीभोवती फिरतात, कारण या विषयातलं जवळपास सगळं त्या खोलीत एकाच वेळी पाहायला मिळतं.

अनौपचारिक गट म्हणजे नेमकं काय? कँटीनमध्ये एकत्र जेवणारे सगळे अनौपचारिक गट का?

औपचारिक गट व्यवस्थापन कागदावर तयार करतं. विभाग, शिफ्ट, सुपरवायझर, त्याच्या हाताखालचे अमुक जण, असा त्याचा आराखडा असतो. अनौपचारिक गट माणसं आपसातल्या संबंधांतून स्वतः तयार करतात, आणि त्याचा ऑर्गनायझेशन चार्ट कुठेही नसतो. पण नुसतं एकत्र जेवणं पुरत नाही. तीन गोष्टी दिसल्या तर गट म्हणावा: कोण आपला आणि कोण बाहेरचा हे सगळ्यांना न सांगता कळतं, कसं वागायचं याचे अलिखित नियम असतात, आणि नियम मोडणाऱ्याला काहीतरी भोगावं लागतं. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. शिक्षा होत नसेल तर ती सवय आहे, नियम नाही.

पुस्तकांत 'नॉर्म'साठी मानदंड, प्रमाणक, निकष असे शब्द सापडतात आणि 'कोहेसिव्हनेस'साठी एकसंधता किंवा संसक्ती. विद्यापीठाच्या पुस्तकात जो शब्द असेल तोच उत्तरात शेवटपर्यंत ठेवा. इथे आम्ही गटनियम आणि एकसंधता हे शब्द वापरतो. एकसंधता म्हणजे माणसं आपल्या गटाशी किती घट्ट बांधलेली आहेत ते.

बँक वायरिंग खोलीचा प्रयोग काय होता?

शिकागोजवळच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनत. नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात एका विभागातले 14 पुरुष कामगार वेगळ्या खोलीत बसवले गेले: नऊ वायरमन, तीन सोल्डरिंग करणारे आणि दोन निरीक्षक. वायरमन 'बँक' म्हणवल्या जाणाऱ्या टर्मिनलच्या रांगांवर तारा जोडायचा, एक सोल्डरवाला तीन वायरमनच्या जोडण्या पक्क्या करायचा, निरीक्षक त्या तपासायचा. खोलीत एक निरीक्षण करणारा संशोधक बसून नोंदी घेई आणि दुसरा संशोधक कामगारांच्या मुलाखती खोलीबाहेर घेई.

याला प्रयोग म्हणायची पद्धत पडली आहे, पण यात काहीच बदलून पाहिलं नव्हतं. प्रकाश, विश्रांतीच्या वेळा, पगाराची पद्धत, सगळं नेहमीसारखंच ठेवलं होतं. हे निरीक्षण होतं, आणि उत्तरात तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की विद्यार्थ्याने मूळ गोष्ट समजून घेतली आहे.

तिथला गटनियम काय होता आणि तो पाळून कसा घेतला जाई?

व्यवस्थापनाने ठरवलेलं उद्दिष्ट तासाला 914 जोडण्या, म्हणजे आठ तासांना 7,312 होतं. कारखान्यात त्याला 'बोगी' म्हणत. कामगारांच्या मनातलं दिवसाचं पुरेसं काम मात्र वेगळं होतं: दोन यंत्रं. एका प्रकारच्या यंत्रात हे साधारण 6,600 जोडण्यांचं होई, दुसऱ्यात 6,000 चं. म्हणजे पहिल्या प्रकारात गटाची रेघ अधिकृत उद्दिष्टाच्या 712 जोडण्या खाली होती. ही रेघ कुणी मीटिंग घेऊन ठरवली नव्हती, पण खोलीतल्या प्रत्येकाला ती पाठ होती.

नियम चार होते. फार जास्त काम करू नकोस, केलंस तर तू 'रेट बस्टर', सगळ्यांचा दर बिघडवणारा. फार कमी करू नकोस, नाहीतर तू 'चिझलर', दुसऱ्याच्या कष्टावर खाणारा. साहेबाला आपल्या माणसाचं नुकसान होईल असं काही सांगू नकोस, नाहीतर तू चुगलखोर. आणि निरीक्षक असलास तरी साहेबी मिरवू नकोस. विद्यार्थी पहिला नियम लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. गटाने छत आणि तळ दोन्ही ठरवले होते. कामचुकाराला तिथेही मान नव्हता.

शिक्षेची रीत अगदी साधी होती. कुणी भरभर हात चालवू लागला की शेजारचा उठून त्याच्या दंडावर एक ठोसा मारायचा. याला ते 'बिंगिंग' म्हणत. मार खाणाऱ्याला उलट एक ठोसा मारायची मुभा होती, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तो खेळ वाटे. पण ठोसा कधी आणि कुणाला बसतो हे पाहिलं की खेळामागचा अर्थ कळे. टोपणनावं, टोमणे आणि अबोला ही बाकीची हत्यारं. दोन निरीक्षकांपैकी एक गटात कधी मिसळला नाही. त्याला इतका त्रास झाला की अखेर त्याची बदली करावी लागली.

नोंदींतही गटाचा हात होता. जास्त झालेलं काम त्या दिवशी न दाखवता मागे ठेवायचं आणि कमी झालेल्या दिवशी दाखवायचं, असं वायरमन करत. त्यामुळे आठवड्यामागून आठवडा आलेख जवळपास सपाट दिसे. माल खराब आला, सोल्डरवाल्याची वाट पाहावी लागली, अशी कारणं दाखवून 'काम थांबलं' म्हणून वेळ मागून घेणंही नेहमीचं होतं. तेवढा वेळ हिशेबातून वगळला की तासाचा दर चांगला दिसायचा. हे सगळं थेट सुपरवायझरला माहीत होतं. तो गटाच्या इतका जवळ होता की त्याने डोळेझाक केली. आपसात कामाची अदलाबदल करायला मनाई होती, तरी वायरमन आणि सोल्डरवाले ती सर्रास करत.

पगार कामावर अवलंबून होता, मग जास्त काम करणं प्रत्येकाच्या फायद्याचं नव्हतं का?

हाच प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश पाहू. पगार गट पीस रेटने होता. संपूर्ण विभागाच्या उत्पादनावर एक रक्कम ठरे आणि ती प्रत्येकाचा तासाचा दर आणि कामाचे तास यांच्या प्रमाणात वाटली जाई. कागदावर पाहिलं तर सगळ्यांनी जास्त काम केलं तर सगळ्यांनाच जास्त मिळालं असतं. ही योजना आखणाऱ्याने तसंच गृहीत धरलं होतं.

कामगारांचा हिशेब वेगळा होता. एकट्याने 500 जोडण्या जास्त केल्या तर त्याचा फायदा अख्ख्या विभागात वाटला जाणार आणि त्याच्या हातात नगण्य रक्कम येणार. तोटा मात्र सगळ्यांचा होईल अशी भीती होती: बोगी वाढेल, दर कापला जाईल, कुणाची तरी नोकरी जाईल, आणि मंद हाताच्या सहकाऱ्याला साहेब झापेल. संशोधकांनी लिहिलं की या भीतींपैकी एकही गोष्ट या कामगारांनी स्वतः कधी अनुभवली नव्हती. म्हणून त्यांनी या वागण्यामागे तर्कापेक्षा भावना आहे असा निष्कर्ष काढला.

इथे आमचं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे आणि ते उत्तरात मांडण्यासारखं आहे. हा काळ महामंदीचा होता. कारखान्यात काम घटत होतं, आणि काम उरलं नाही म्हणूनच मे 1932 मध्ये ही खोली बंद झाली. असं असताना हातातलं काम पुरवून वापरणं हा भाबडेपणा म्हणता येत नाही. नियम कितपत शहाणपणाचा आहे हे ठरवताना तो कोणत्या भीतीवर उभा आहे आणि ती भीती त्या जागी कितपत खरी आहे, हे आधी तपासा.

कदाचित कमी काम करणाऱ्यांची कुवतच कमी असेल?

तेही तपासलं गेलं. बुद्धिमत्ता आणि बोटांची चपळाई यांच्या चाचण्या घेतल्या, पण त्यांचा उत्पादनाशी मेळ बसला नाही. खोलीत सर्वांत कमी उत्पादन देणारा वायरमन बुद्धिमत्तेत पहिला आणि चपळाईत तिसरा होता. उत्पादन ठरवणारी गोष्ट गटातली जागा होती. केस स्टडीत "कौशल्य असूनही उत्पादन कमी" अशी ओळ दिसली की परीक्षकाचा इशारा इकडे आहे असं समजा.

सगळी खोली म्हणजे एकच गट होता का?

नाही. खोलीच्या पुढच्या भागातल्यांची एक टोळी होती, मागच्या भागातल्यांची दुसरी, आणि काही जण कशातच नव्हते. पुढचे एका प्रकारच्या यंत्रावर काम करत आणि स्वतःला थोडे वरचढ समजत. ते वाद घालत, नाण्यांचा जुगार खेळत. मागचे एकमेकांना ठोसे मारत, कामाची अदलाबदल करत, दुकानातून एकत्र गोळ्या-चॉकलेट मागवत. पुढचे मागच्यांना "तुमचं काम कमी" म्हणून टोचत. मागच्यांना त्यांचा राग काढायचा तर सर्वांत सोपा मार्ग होता: काम आणखी कमी ठेवायचं. एकाच पगार-हिशेबात असल्यामुळे ते पुढच्यांना झोंबे.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. दोन गटांतली चुरस प्रत्येक गटाला आतून घट्ट करते, पण ती उत्पादन वाढवेलच असं नाही. चुरस कशावरून चालली आहे ते पाहावं लागतं.

मग एकसंधता वाढली की उत्पादन वाढतं की घटतं?

एकसंधता उत्पादनाची दिशा ठरवत नाही. गटनियम दिशा ठरवतो, आणि एकसंधता तो नियम किती कडक पाळला जाईल हे ठरवते.

याचा मोठा पुरावा स्टॅन्ली सीशोर यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतले 228 कामगार-गट त्यांनी पाहिले. एकसंधता मोजायला साधे प्रश्न विचारले: तुम्ही या गटाचे खरेखुरे भाग आहात असं वाटतं का, याच पगारात असंच काम दुसऱ्या गटात मिळालं तर जाल का, आणि इतर गटांच्या तुलनेत तुमचा गट जमवून घेण्यात, एकत्र राहण्यात, एकमेकांना मदत करण्यात कसा आहे.

निष्कर्ष असा की एकसंध गटांत माणसामाणसांच्या उत्पादनातला फरक कमी होता, कारण सगळे एकाच रेघेजवळ काम करत. पण गटागटांतला फरक जास्त होता: काही एकसंध गट खूप वर, काही खूप खाली. कोण वर आणि कोण खाली हे कंपनी आपल्या पाठीशी आहे असं त्या गटाला कितपत वाटतं यावर अवलंबून होतं. एकसंध गटांतल्या माणसांवर कामाचा ताणही कमी होता.

आता चार शक्यता चार चौकोनांत मांडा. एकसंधता जास्त आणि नियम उद्दिष्टाच्या बाजूने: उत्पादन सर्वांत जास्त. एकसंधता कमी आणि नियम उद्दिष्टाच्या बाजूने: उत्पादन बऱ्यापैकी, पण माणसागणिक वेगळं. एकसंधता कमी आणि नियम विरोधात: बेताचं, कारण नियम असला तरी तो पाळून घेणारं कुणी नसतं. एकसंधता जास्त आणि नियम विरोधात: सर्वांत कमी. बँक वायरिंगची खोली चौथ्या चौकोनाकडे झुकलेली होती, पण पूर्णपणे तिथे नव्हती, कारण तळाचा नियमही तितक्याच कडकपणे पाळला जाई.

एकसंधता वर ढकलते तितक्याच जोरात खाली ओढते का?

याचं उत्तर 1951 च्या एका प्रयोगात आहे. स्टॅन्ली शाख्टर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थिनींच्या छोट्या गटांना पुठ्ठ्याचे पट बनवायला दिले. काहींना सांगितलं की तुमचं आणि सोबतिणींचं चांगलं जमेल, काहींना सांगितलं की जमणार नाही. मग सोबतिणींच्या नावाने चिठ्ठ्या पाठवल्या: काहींना "वेग वाढव", काहींना "हळू घे". वेग वाढवायच्या चिठ्ठीचा परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला. हळू घ्यायच्या चिठ्ठीवर मात्र एकसंध गटातल्या मुलींचा वेग स्पष्टपणे जास्त घटला.

प्रयोग लहान आणि कृत्रिम होता, त्यामुळे त्यावरून कारखान्याबद्दल ठाम विधान करू नये. पण व्यवस्थापकाने घेण्याजोगी सावधगिरी त्यात आहे: नियम विरोधात असताना सहली आणि पार्ट्या करून एकसंधता वाढवली तर नुकसान वाढायची शक्यता जास्त.

हाच का हॉथॉर्न परिणाम?

नाही, आणि ही गफलत फार होते. हॉथॉर्न परिणाम म्हणजे आपल्याकडे लक्ष दिलं जातंय या जाणिवेने वागणं बदलणं. तो शब्द मुख्यतः त्याच कारखान्यातल्या रिले जुळणी खोलीवरून आला. तिथे 1927 पासून पाच तरुणी रिले जुळवत आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवी. काही वर्षांत त्यांचं उत्पादन साधारण 30 टक्क्यांनी वाढलं. बँक वायरिंग खोलीत निरीक्षण करणारा संशोधक समोर बसलेला असूनही उत्पादन वाढलं नाही.

दोन खोल्यांत फरक का पडला? रिले खोलीचा पगार त्या छोट्या गटाच्याच उत्पादनावर ठरे, त्यामुळे जास्त कामाचा पैसा त्यांच्याच हातात येई. बदल करण्याआधी त्यांना विचारलं जाई. आणि जानेवारी 1928 मध्ये पाचांपैकी दोघींना कमी काम आणि जास्त बोलण्याच्या कारणावरून बदलून नव्या दोघी आणल्या होत्या. त्यातली एक पुढे गटाचा वेग ठरवणारी बनली. ही शेवटची गोष्ट पुष्कळ पुस्तकं गाळतात. ती लिहिली तर "नुसत्या आपुलकीने उत्पादन वाढलं" हा समज आपोआप सैल पडतो.

विभागात उत्पादन रोखणारा नियम आहे हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

सरासरी पाहू नका, पसारा पाहा. समजा दोन टेबलांवर सहा-सहा जण काम करतात आणि तासाचे नग असे आहेत.

पहिलं टेबल: 48, 49, 50, 50, 51, 52.
दुसरं टेबल: 34, 41, 50, 55, 58, 62.

दोघांची बेरीज 300, सरासरी 50. पण पहिल्यात सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांत 4 नगांचा फरक आहे, दुसऱ्यात 28 चा. माणसांचे हात सारखे नसतात, त्यामुळे दुसऱ्या टेबलाचा पसारा स्वाभाविक आहे. पहिल्या टेबलावर काहीतरी माणसांना 50 जवळ बांधून ठेवतंय.

ते बांधणारं गटनियमच असेल असं मात्र नाही. पट्टा किंवा मशीन वेग ठरवत असेल, मागून माल तेवढाच येत असेल, तरीही आकडे असेच दिसतील. म्हणून आणखी तीन गोष्टी पाहा. पहिली, तासागणिक नोंद: सकाळी वेग जास्त आणि दुपारनंतर हात मुद्दाम सैल, म्हणजे दिवसाचा आकडा आधीच ठरलेला आहे. दुसरी, नवीन माणूस: आल्या-आल्या वर जाऊन मग घसरून 50 वर थांबला तर त्याला कुणीतरी समजावलं आहे. तिसरी, उद्दिष्ट 55 केल्यावर काय झालं: माल आणि मशीन तीच असून दोन दिवसांत सगळे सारखेच 53 वर आले तर अडथळा यंत्राचा नव्हता.

गटात कमी काम होतं याला सोशल लोफिंग म्हणतात ना?

ते वेगळं. सोशल लोफिंगमध्ये एकेकाचा वाटा दिसत नाही म्हणून माणूस हात आखडता घेतो, आणि वाटा मोजायला लागलं की ते कमी होतं. उत्पादन रोखणाऱ्या गटात प्रत्येकाचा वाटा सगळ्यांना दिसतो, म्हणून तर जास्त करणाऱ्याला पकडता येतं. तिथे वैयक्तिक आकडे भिंतीवर लावले तर नियम मोडणाऱ्याला शोधणं गटालाच सोपं जातं.

असा गट फोडून टाकावा का?

कधी कधी त्याने लगेच फरक पडतो. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवणारा कारखाना होता. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 मध्ये तिथली एक नोंद दिली आहे. इस्त्री करणारी एक कामगार गटाच्या सुमारे 50 नगांच्या रेघेच्या वर जाऊ लागली. बाकीच्यांनी तिला टोचायला सुरुवात केली आणि तिचं काम घसरून सुमारे 45 वर आलं. पुढे गट मोडावा लागला, बाकीच्यांच्या बदल्या झाल्या आणि ती एकटी उरली. चार दिवसांत ती 96 वर गेली आणि मग 92 च्या आसपास स्थिरावली. म्हणजे त्या हातांच्या जवळपास निम्म्या कामावर गटाचा ताबा होता.

पण यावरून "फोडा" असा सल्ला देऊ नका. गट मोडला की त्यातली मदत, शिकवणं, अडल्यावेळी एकमेकांचं काम उचलणंही जातं. शिवाय फुटलेली माणसं नव्या विभागात तोच नियम घेऊन जाऊ शकतात. ज्या भीतीतून नियम जन्मला ती जागेवरच असेल तर नव्या जागीही तीच रेघ पुन्हा आखली जाते.

मग नियम बदलायचा कसा?

आधी नियमामागची भीती शोधायची आणि ती जितकी खरी आहे तितकी दूर करायची. दर कापण्याची भीती असेल तर पद्धत किंवा मशीन बदलल्याशिवाय दर बदलणार नाही असं लेखी द्यावं लागतं, आणि पुढे पाळावं लागतं. एकदा शब्द मोडला की ती गोष्ट विभागात वर्षानुवर्षं सांगितली जाते. नोकरी जाण्याची भीती असेल तर उरलेल्या माणसांचं काय करणार ते आधी सांगावं लागतं.

दुसरा मार्ग सहभागाचा. हारवूडमध्येच कामाची पद्धत बदलताना एका गटाला नुसतं कळवलं गेलं. त्याचं उत्पादन खालीच राहिलं आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के माणसं नोकरी सोडून गेली. ज्या गटांतल्या सगळ्यांनी बसून बदल आखला, ते लवकर सावरले आणि जुन्या पातळीच्या सुमारे 14 टक्के वर गेले, आणि कुणी नोकरी सोडली नाही. इथे गट फोडला नव्हता, नवा नियम गटाने स्वतः केला होता.

भारतातलं उदाहरण द्यायचं तर अहमदाबादच्या कॅलिको मिल्सचं द्या. ए. के. राइस यांच्या सल्ल्याने 1953 मध्ये स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये कामाची रचना बदलली. आधी एकेकाचं काम वेगळं होतं आणि एका मागाची जबाबदारी कुणा एका गटाची नव्हती. बदल करताना कामगारांनी स्वतः आपापले छोटे गट निवडले आणि प्रत्येक गटाकडे ठरावीक माग आले. स्थिरावल्यावर कार्यक्षमता सुमारे 80 वरून 95 टक्क्यांवर गेली, खराब कापड सुमारे 32 वरून 20 टक्क्यांवर आलं. इथे अनौपचारिक पसंतीने औपचारिक गट बनवले गेले, आणि हेच या उदाहरणातलं शिकण्यासारखं आहे.

एक केस सोडवून दाखवाल का?

समजा केस अशी आहे: पॅकिंग विभागात 12 जण. शिफ्टचं उद्दिष्ट 80 पेट्या, प्रत्यक्षात प्रत्येकजण 62 ते 65 करतो. नवीन मुलगा दुसऱ्या आठवड्यात 78 वर गेला, पाचव्या आठवड्यात 64 वर आला. त्याच्याशी डब्याच्या वेळी कुणी बोलत नव्हतं, आता तो सगळ्यांसोबत बसतो. मागच्या वर्षी उद्दिष्ट 70 वरून 80 केलं होतं. मॅनेजर म्हणतो, 75 च्या वर जाणाऱ्याला रोख इन्सेंटिव्ह देऊ.

उत्तराची सुरुवात पुराव्यापासून करा. पसारा फक्त 3 पेट्यांचा आहे, आणि नवीन मुलाने 78 करून दाखवले म्हणजे माल आणि जागा आड येत नाही. अबोला ही शिक्षा, सोबत बसणं हे बक्षीस. म्हणजे एकसंधता जास्त आणि नियम उद्दिष्टाच्या खाली, चौथा चौकोन.

मग कारण. मागच्या वर्षीची वाढ ही या केसमधली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. कामगारांनी बहुधा त्यातून एकच धडा घेतला: वर गेलो की रेघ वर सरकते. बँक वायरिंगच्या कामगारांना याच गोष्टीची नुसती भीती होती, इथे ती प्रत्यक्ष घडली आहे.

आता मॅनेजरचा उपाय तपासा. 75 च्या वर जाणाऱ्याला रोख पैसे मिळतील, पण त्याला डब्याची सोबत गमवावी लागेल, आणि पुढच्या वर्षी उद्दिष्ट 90 होईल ही शंका तशीच राहील. एखादा वर गेलाच तर उरलेले 11 जण त्याला रेट बिघडवणारा ठरवतील. म्हणून आधी ठरावीक मुदतीसाठी उद्दिष्ट स्थिर ठेवायचं लेखी आश्वासन, मग इन्सेंटिव्ह वैयक्तिक न ठेवता 12 जणांच्या एकत्रित उत्पादनावर, आणि 80 चा आकडा कसा काढला ते गटासमोर बसून पुन्हा मोजणं. बँक वायरिंगची रक्कम अख्ख्या विभागात विरघळत होती. इथे 12 जणांचाच हिशेब असल्यामुळे जास्तीच्या पेटीचा पैसा कुठे गेला हे प्रत्येकाला दिसेल. आणि ज्याचा शब्द गट मानतो त्याला या मोजणीत घ्या. तो बहुधा सुपरवायझर नसेल, डब्याच्या वेळी मधोमध बसणारा असेल.

उपायाची मर्यादाही लिहा. फेरमोजणीत 80 हा आकडाच चुकीचा निघाला, म्हणजे नवीन मुलगा दोन आठवडे अंगावर काम ओढून 78 वर पोचला होता आणि ते वर्षभर टिकणारं नव्हतं, असं दिसलं, तर 65 ची रेघ रोखलेल्या उत्पादनाची म्हणता येणार नाही. मग बदलायचा आहे तो उद्दिष्टाचा आकडा, गटाचा नियम नाही.